अठरा आणि दहा: सममितीच्या दोन कृतिपत्रिका

सातवीच्या एका तुकडीच्या 38 कृतिपत्रिका मी एका शनिवारी दुपारी तपासायला घेतल्या. पुण्यातली मध्यवस्तीतली शाळा, सेमी-इंग्रजीचा वर्ग. विषय सममिती. कागदावर दहा आकृत्या होत्या आणि प्रत्येक आकृतीसाठी तीन कामं होती. आकृतीवर सममितीचे सगळे अक्ष काढायचे, शेजारच्या रकान्यात त्यांची संख्या लिहायची आणि शेवटच्या रकान्यात घूर्णन सममितीची कोटी लिहायची. कोटी म्हणजे आकृती एक पूर्ण फेरा फिरवताना किती वेळा मूळ जागेवर जशीच्या तशी बसते तो आकडा. वर्गात आम्ही तिला ऑर्डरच म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहिते. अक्षांच्या संख्येला एक गुण, ऑर्डरला एक गुण, एकूण वीस.

उत्तरांची यादी शेजारी ठेवून आकडे जुळवत गेले. तासाभरात गठ्ठा संपला. बहुतेकांना पंधराच्या वर गुण होते आणि मी समाधानानं लाल पेन बंद केलं. गुण वहीत चढवताना दोन कागद लागोपाठ हातात आले, एक 18 गुणांचा आणि एक 10 गुणांचा. दहा गुण मिळालेला मुलगा वर्गात आकृत्या कापून, फिरवून बघणारा होता. त्याला दहा कसे, म्हणून मी त्याचा कागद पुन्हा उलगडला.

आकृत्यांचा क्रम असा होता: चौरस, आयत, समभुज त्रिकोण, समद्विभुज त्रिकोण, समभुज चौकोन, सुसम पंचकोन, सुसम षटकोन, पतंग, समांतरभुज चौकोन आणि शेवटी इंग्रजी झेड. मुलाचे अक्ष सगळे बरोबर होते, रेषाही आणि संख्याही. ऑर्डरच्या रकान्यात वरून खाली त्यानं लिहिलं होतं 5, 3, 4, 2, 3, 6, 7, 2, 3, 3. मी प्रत्येक आकड्यावर फुली मारली होती, दहाच्या दहा. आडव्या ओळीनं तपासताना त्या दहा वेगवेगळ्या चुका दिसत होत्या. रकाना उभा वाचला तेव्हा एकच चूक दिसली. प्रत्येक उत्तर बरोबर एकानं जास्त होतं.

मग 18 गुणांचा कागद उघडला. या मुलीच्या ऑर्डरच्या रकान्यात होतं 4, 2, 3, 1, 2, 5, 6, 1, 0, 0. शेवटचे दोनच चुकलेले. पण तिचा अक्षसंख्येचा रकानाही 4, 2, 3, 1, 2, 5, 6, 1, 0, 0 असाच होता. दोन्ही रकाने अंकाला अंक तेच.

आता तिनं काढलेल्या रेषा पाहिल्या. पहिल्या वेळी त्यांच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं, कारण गुण संख्येला होते आणि माझी नजर संख्येवर होती. आयतात तिनं दोन कर्ण काढले होते. संख्या 2, बरोबर. पतंगात एकच रेषा होती, पण आडवी, म्हणजे आखूड कर्ण. या पतंगाचा अक्ष उभा, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाणारा लांब कर्ण होता. त्या आडव्या रेषेनं पतंगाचे दोन भाग सारखेसुद्धा होत नाहीत. वरचा त्रिकोण बुटका, खालचा लांब. म्हणजे ती रेषा पतंगाकडे बघून काढलेली नव्हती. पतंगाला एक अक्ष असतो हे पाठ होतं आणि तो आकडा भरायला एक रेषा ओढली होती. समांतरभुज चौकोनात तिनं काही काढलं नव्हतं, कारण पाठ केलेल्या यादीत तिथे शून्य होतं.

जो मुलगा खरोखर आकृती फिरवून मोजत होता त्याला मी 10 दिले होते. जिनं एकही आकृती फिरवली नव्हती तिला 18. गुण देताना मी कुठे चुकले हे शोधायला मला तो उरलेला शनिवार लागला.

पहिली गोष्ट कृतिपत्रिकेतच होती. दहापैकी पहिल्या आठ आकृत्यांत अक्षांची संख्या आणि ऑर्डर एकच आहे. हा योगायोग नाही. एखाद्या आकृतीला दोन अक्ष असतील आणि आधी एका अक्षावर, मग दुसऱ्या अक्षावर तिचं प्रतिबिंब घेतलं, तर आकृती त्या दोन अक्षांमधल्या कोनाच्या दुपटीइतकी फिरलेली असते. चौरसाचे शेजारचे अक्ष एकमेकांशी 45 अंशांचा कोन करतात, म्हणून चौरस 90 अंशांत जुळतो आणि पूर्ण फेऱ्यात चार वेळा जुळतो. आयताचे अक्ष 90 अंशांवर आहेत, म्हणून तो 180 अंशांत जुळतो, फेऱ्यात दोनदा. अक्ष एकच असेल तर जोडी बनत नाही आणि आकृती फक्त पूर्ण 360 अंशांनंतर जुळते, ऑर्डर 1. वर्तुळ बाजूला ठेवलं तर ज्या आकृतीला किमान एक अक्ष आहे तिची ऑर्डर अक्षांच्या संख्येइतकीच येणार.

म्हणून 'अक्ष जितके तितकी ऑर्डर' हा मुलीचा नियम खोटा नव्हता. त्यात एकच भोक होतं. अक्ष नसलेल्या आकृतीबद्दल तो काहीच सांगत नाही. तिथे ऑर्डर 1 असू शकते, जसं विषमभुज त्रिकोणात. 2 असू शकते, जसं समांतरभुज चौकोनात. भिंगरीत 4 असते. मुलाला फिरवण्याची कल्पना कळली आहे की तो शेजारचा रकाना उतरवतोय, हे फक्त अशाच आकृत्या सांगतात. माझ्या कागदावर त्या दोनच होत्या, तळाशी, चार गुणांच्या. त्यातले दोन गुण तर 'अक्ष शून्य' लिहून मिळत होते. नुसता रकाना उतरवणाऱ्यालाही 20 पैकी 18 मिळतील अशी कृतिपत्रिका मी स्वतःच बनवली होती.

मग बाकीच्या 36 कागदांत फक्त झेडची ओळ पाहत गेले. सगळे मिळून 38 पैकी 21 जणांनी झेडची ऑर्डर 0 लिहिली होती. समांतरभुज चौकोनात याहून चमत्कारिक प्रकार निघाला. सात मुलांनी त्यात दोन कर्ण अक्ष म्हणून काढले होते, संख्या 2 लिहिली होती आणि ऑर्डरही 2. अक्षाचा गुण गेला, ऑर्डरचा मिळाला. चुकीचा आकडा शेजारी उतरवला आणि तिथे तो बरोबर ठरला. तपासताना मला त्यात काही खटकलं नव्हतं.

कर्णांचा मोह कुठून येतो हे मला माझ्याच वहीत सापडलं. फळ्यावर मी व्याख्या लिहून दिली होती, 'आकृतीचे दोन समान भाग करणारी रेषा म्हणजे सममितीचा अक्ष'. ही व्याख्या अपुरी आहे. आयताचा कर्ण आयताचे दोन अगदी एकरूप त्रिकोण करतो. समांतरभुज चौकोनाचाही करतो. पण ते दोन त्रिकोण घडी घालून एकमेकांवर बसत नाहीत. एक त्रिकोण 180 अंशांत फिरवला तर दुसऱ्याच्या जागी बसतो. म्हणजे कर्ण काढणाऱ्या मुलाला सममिती दिसलेलीच असते, फक्त ती फिरवण्याची असते आणि तो तिला घडीची समजतो. तेव्हापासून मी व्याख्येत 'घडी घातल्यावर तंतोतंत एकमेकांवर बसणारे' हे शब्द सोडत नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलीला टेबलाजवळ बोलावलं. कृतिपत्रिकेतला आयत 6 सेंटिमीटर लांब आणि 4 सेंटिमीटर रुंद होता, तेवढाच कागद कापून तिच्या हातात दिला.

"हा तू काढलेला अक्ष. याच्यावर घडी घाल बरं."

तिनं कर्णावर घडी घातली आणि बोटानं दाबली. कागदाचा कोपरा समोरच्या कोपऱ्यावर न बसता बाजूला डोकावत राहिला. मी पट्टी दिली. दोन कोपऱ्यांमध्ये जवळजवळ 2.8 सेंटिमीटरचं अंतर होतं. 4 सेंटिमीटर रुंदीच्या कागदात हे अंतर 'थोडंसं सरकलं' म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

"पण बाई, दोन्ही भाग सारखे आहेत," ती म्हणाली.

"आहेत. मग बसत का नाहीत?"

तिनं घडी उघडली, पुन्हा घातली. मग कागद सरळ करून मधोमध दुमडला, एकदा उभा, एकदा आडवा. दोन्ही वेळा कडा बरोबर जुळल्या. मी काही बोलले नाही. ऑर्डरबद्दल विचारलं तेव्हा तिनं लगेच सांगितलं, "अक्ष जितके तितकी ऑर्डर ना, बाई? मी सगळ्यांत बघितलं, तसंच येतं." वर्गात सोडवलेल्या सगळ्या उदाहरणांत तिनं तो नियम पडताळून पाहिला होता. ती उदाहरणंही मीच निवडलेली होती, चौरस, आयत, त्रिकोण, षटकोन. एकही भोकातली नव्हती.

मुलाशी बोलायला दोन मिनिटं पुरली. त्यानं बटर पेपरवर चौरस उतरवला, मधे टाचणी टोचली आणि एका कोपऱ्यावर पेन्सिलीनं ठिपका दिला. ही पद्धत त्याला पक्की येत होती. फिरवायच्या आधीच तो म्हणाला "एक". मग फिरवत गेला, "दोन, तीन, चार, पाच", आणि ठिपका परत पहिल्या कोपऱ्यावर आला. सुरुवातीची जागा त्यानं दोनदा मोजली होती, निघताना एकदा आणि परत आल्यावर एकदा.

"देवळात प्रदक्षिणा घालताना निघतानाच एक म्हणतोस का?"

"नाही, फेरी पूर्ण झाल्यावर."

"मग इथे?"

त्यानं चौरस पुन्हा फिरवला, या वेळी हात हलून आकृती बसल्यावरच आकडा उच्चारला. चार. मी न सांगताच त्यानं झेड घेतला. दोन. हीच चूक उलटीही होते. काही मुलं परत मूळ जागी आल्याचं मोजतच नाहीत, मग चौरस 3, समभुज त्रिकोण 2 असा सगळा रकाना एकानं कमी येतो. कोणताही प्रकार असो, तो रकाना उभा वाचल्याशिवाय दिसत नाही.

इथे शून्य आणि एकचा प्रश्नही सोडवावा लागला. समद्विभुज त्रिकोण आणि पतंग यांच्या ऑर्डरच्या जागी बऱ्याच जणांनी 0, आडवी रेघ किंवा 'नाही' लिहिलं होतं. पूर्ण फेऱ्याशेवटी कुठलीही आकृती जागेवर बसतेच, म्हणून मोजलं तर सर्वांत कमी उत्तर 1 येतं, 0 येऊच शकत नाही. पण ऑर्डर 1 असलेल्या आकृतीला 'घूर्णन सममिती नाही' असंही म्हणतात आणि मी वर्गात दोन्ही बोलले होते. म्हणून 'नाही' आणि आडवी रेघ मी बरोबर धरली. 0 ला या वेळी गुण दिला, शेजारी लाल शाईनं '1 लिहायचं' असं लिहिलं आणि पुढच्या वेळी 0 चूक धरणार हे वर्गात सांगितलं. झेडच्या 0 ला मात्र गुण दिला नाही. झेड अर्ध्या फेऱ्यात जुळतो, तिथे 'नाही' हे उत्तरच चूक आहे.

मग सगळा गठ्ठा पुन्हा तपासला. या वेळी जाड कागदाची एक पट्टी घेतली आणि दोन्ही आकड्यांचे रकाने झाकून फक्त रेषा पाहिल्या. रेषा योग्य बिंदूंतून जातात का आणि आकृतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचतात का, एवढंच पाहायचं. हातानं काढलेली रेषा दोनेक मिलिमीटर सरकली तर सोडून दिलं, कारण हेतू स्पष्ट असतो. पण चुकीच्या कोपऱ्याकडे गेलेली रेषा सोडली नाही. अक्षाचा गुण आता रेषांना होता, संख्येला नाही. आयतात कर्ण काढणारी नऊ मुलं निघाली. पहिल्या तपासणीत त्या सगळ्यांना तिथे गुण मिळाले होते.

पंचकोनात एक वेगळी गोष्ट दिसली. एका मुलीनं प्रत्येक कोपऱ्यापासून मध्यापर्यंत पाच रेषा काढल्या होत्या, मग प्रत्येक बाजूच्या मध्यापासून मध्यापर्यंत आणखी पाच, आणि संख्या 10 लिहिली होती. सुसम पंचकोनात कोपऱ्यापासून निघालेला अक्ष समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूतूनच बाहेर पडतो, म्हणून त्या दहा अर्ध्या रेषा मिळून पाचच अक्ष होतात. तिच्या रेषा सगळ्या जागच्या जागी होत्या. रेषांचा गुण तिला दिला आणि शेजारी लिहिलं, 'पट्टी आरपार ठेवून पुन्हा मोज.' आधी फक्त संख्या पाहून मी तिथे फुली मारली होती.

आणखी एक कागद असा होता की तिथे चूक माझ्या छपाईची निघाली. एका मुलानं पहिल्या आकृतीत, म्हणजे चौरसात, दोनच अक्ष काढले होते, कर्ण काढले नव्हते, आणि बाजूला बारीक अक्षरात मापं लिहिली होती, 42 मिमी आणि 39 मिमी. मी पट्टी लावून पाहिलं, त्याची मापं बरोबर होती. फाइलमध्ये चित्र बसवताना मी ते कडेनं ओढलं होतं आणि चौरस ताणला गेला होता. अप्पा बळवंत चौकातून काढून आणलेल्या सगळ्या प्रतींत तो तसाच उतरला. त्याला पूर्ण गुण दिले. आता चित्राला हात लावायचा तर कोपऱ्याला धरूनच मोठं-लहान करते, आणि छापून आल्यावर चौरस आणि षटकोन पट्टीनं मोजल्याशिवाय कागद वाटत नाही.

ऑर्डरचा रकाना पट्टीनं वेगळा करून वरून खाली वाचला. संपूर्ण रकाना एकाच दिशेनं एकानं सरकलेला असेल तर ती एक चूक धरून दोन गुण कापायचे, दहा नाही, असं ठरवलं. मुलाचे 10 चे 18 झाले. मुलीचे आयत आणि पतंगाच्या रेषांचे दोन गुण गेले, 18 चे 16 झाले. तिनं ऑर्डर उतरवली होती हे मला माहीत होतं, तरी तिचे बरोबर आलेले आठ आकडे मी कापले नाहीत. संशयावर गुण कापता येत नाहीत, आणि उतरवता येईल असा कागद मी दिला होता. ते शोधायचं तर नवा कागद हवा होता.

नव्या कागदात सहाच आकृत्या घेतल्या. आयत आणि समद्विभुज त्रिकोण ठेवले, कारण तिथे रकाने जुळतात आणि सगळीकडे 0 लिहिणारा मुलगा तिथे पकडता येतो. बाकीच्या चार आकृत्या अक्ष नसलेल्या. झेड. वाकड्या पात्यांचा तीन पात्यांचा पंखा, ऑर्डर 3. पत्त्यातला राजा, जो उलटा धरला तरी तसाच दिसतो पण मधे दुमडला तर चेहऱ्यावर चेहरा बसत नाही, ऑर्डर 2. आणि सारसबागेबाहेर मिळते तशी चार पात्यांची कागदी भिंगरी, ऑर्डर 4. प्रत्येक आकृतीला तीन गुण केले, रेषा, संख्या आणि ऑर्डर, आणि चौथा छोटा रकाना दिला, 'किती अंशांत पहिल्यांदा जुळली?' हा आकडा शेजारून उतरवता येत नाही. त्याच्यासाठी आकृती फिरवावीच लागते आणि 360 ला त्यानं भागून मुलाला स्वतःची ऑर्डर पडताळता येते. बटर पेपरचे तुकडे आणि टाचण्या सगळ्यांना दिल्या.

मुलाचे सहाच्या सहा बरोबर आले. मुलीच्या कागदावर आयतात कर्ण खोडल्याची काळपट खूण होती आणि तिच्यावर दोन मध्यरेषा. पंखा बरोबर, राजा बरोबर. भिंगरीत मात्र अंशांच्या रकान्यात 90, ऑर्डर 4, आणि अक्षांची संख्याही 4. भिंगरीवर चार रेषा काढलेल्या होत्या. या वेळी तिनं आकृती खरंच फिरवली होती, 90 उगाच येत नाही. पण मग ऑर्डरकडून उलटं अक्षांकडे उतरवलं होतं. जुना नियम तसाच होता, फक्त दिशा बदलली होती.

मी तिला भिंगरीच दिली, टाचणी काढून सपाट केलेली, आणि तिनं काढलेल्या उभ्या रेषेवर दुमडायला सांगितलं. तिनं दुमडली, खिडकीकडे धरून उजेडात पाहिली.

"बाई, उजवीकडची पाती उलटं तोंड करून बसतायत."

"दुसऱ्या रेषेवर बघ."

तिनं चारही रेषांवर एकेक करून घडी घातली. मग अक्षांच्या रकान्यातला 4 खोडून 0 लिहिला, भिंगरीवरच्या चारही रेषा खोडल्या, आणि ऑर्डरच्या 4 वर पेन्सिल काही वेळ धरून ठेवली. तो तिनं खोडला नाही.